म्युच्युअल फंडाचे खाते विवरण: एकाच खात्यातील परताव्याची चार उत्तरे

जून २०२५ मध्ये मी माझ्या एका म्युच्युअल फंडातील काही युनिट विकले आणि बँकेत पैसे जमा झाल्यानंतर आलेले खाते विवरण ओळीओळीने तपासायला बसलो. त्यामागे दोन कारणे होती. पहिले असे, की विकलेल्या युनिटांना त्या दिवशीच्या एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या भावाने, गुणले असता जी रक्कम येत होती, तिच्यापेक्षा बँकेत जमा झालेली रक्कम तीनशेहून अधिक रुपयांनी कमी होती. दुसरे असे, की विवरणाच्या शेवटी दिसणारा नफा माझ्या अंदाजाशी कुठेच जुळत नव्हता. दोन वर्षांच्या गुंतवणुकीवर अवघे सव्वापाच टक्के, असे तो आकडा सांगत होता. विवरणात चूक नव्हती, हे पुढे स्पष्ट झालेच. पण प्रत्येक आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे विवरण स्वतःहून सांगत नाही, आणि ते शोधून काढण्याची वाट मी येथे माझ्याच आकड्यांनिशी मांडतो आहे.

खाते अगदी साधे आहे. समभागाधारित योजना, नफा न वाटता योजनेतच ठेवणारा ग्रोथ पर्याय, एकच फोलिओ म्हणजे खातेक्रमांक, आणि त्यात केवळ दोन खरेदी व एक विक्री. पहिले एक लाख रुपये जून २०२३ मध्ये, दुसरे एक लाख डिसेंबर २०२४ मध्ये, आणि जून २०२५ मध्ये ३,००० युनिटांची विक्री. व्यवहार इतके थोडे असल्यामुळे प्रत्येक आकडा हाताने पडताळता येतो.

सर्वांत आधी विवरण कोणते मागवायचे, याचा विचार करावा लागला. फंडांच्या निबंधकांच्या म्हणजे कॅम्स किंवा केफिनटेक यांच्या संकेतस्थळावरून एकत्रित खाते विवरण मागवता येते. तेथे संक्षिप्त आणि तपशीलवार असे दोन प्रकार असतात आणि कालावधीही विचारला जातो. संक्षिप्त विवरणात फक्त आजची शिल्लक मिळते, जिचा परतावा काढायला काही उपयोग नाही. कालावधी चालू आर्थिक वर्षाचा निवडला तर विवरणाची सुरुवात ‘आरंभीची युनिट शिल्लक’ अशा एका ओळीने होते आणि ती युनिटे कधी, किती रुपयांना घेतली हे त्यातून निघून जाते. म्हणून मी फोलिओ उघडल्या दिवसापासूनचे तपशीलवार विवरण मागवले. आरंभीची शिल्लक शून्य दिसली, की संपूर्ण इतिहास हाती आला असे समजायला हरकत नाही.

पहिली ओळ १२ जून २०२३ या तारखेची होती. मी पैसे मात्र ९ जूनला, शुक्रवारी संध्याकाळी भरले होते. हा फरक दुपारी तीनच्या नियमामुळे पडतो. अर्ज आणि पैसे दोन्ही त्या दिवशीच्या तीन वाजेपर्यंत पोचले तर त्या दिवसाची एनएव्ही लागू होते, नाहीतर पुढच्या कामकाजाच्या दिवसाची. फेब्रुवारी २०२१ पासून यात रक्कम प्रत्यक्ष फंडाच्या खात्यात वापरण्याजोगी जमा होणे ही अट रकमेचा आकार न पाहता लागू आहे. त्यामुळे वेळेत अर्ज केला तरी बँकेतून पैसे उशिरा पोचले तर एनएव्ही पुढच्या दिवसाची मिळते. माझ्या बाबतीत शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे थेट सोमवार. विवरणावरची तारीख ही युनिट मिळाल्याची तारीख असते, पैसे दिल्याची नव्हे, हे येथेच लक्षात ठेवावे, कारण एक्झिट लोडचे, म्हणजे युनिट ठरावीक मुदतीआधी विकल्यास होणाऱ्या कपातीचे, वर्ष याच तारखेपासून मोजले जाते.

त्या ओळीत रक्कम एक लाख रुपये नव्हे, तर ९९,९९५ रुपये होती आणि तिच्या खालीच मुद्रांक शुल्काचे ५ रुपये वेगळे दाखवले होते. १ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडाच्या युनिट खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क कापले जाते, म्हणजे लाखाला पाच रुपये. उरलेल्या रकमेला त्या दिवशीच्या ४१.६२५० या एनएव्हीने भागले, की २,४०२.२८२ युनिट येतात, आणि विवरणातही नेमके तेवढेच होते. युनिट तीन दशांश स्थळांपर्यंत मोजले जातात, त्यामुळे पूर्णांकात न बसणारी रक्कम वाया जात नाही. दुसरी खरेदी १२ डिसेंबर २०२४ ची, ५०.२४०० या एनएव्हीने, आणि तिचे युनिट १,९९०.३४६. दोन्ही मिळून ४,३९२.६२८ युनिट.

एनएव्ही म्हणजे योजनेकडील सर्व मालमत्तेच्या त्या दिवशीच्या बाजारमूल्यातून देणी व खर्च वजा करून जे उरते, त्याला एकूण युनिटांनी भागून आलेला आकडा. एनएव्ही दिवसातून एकदाच, बाजार बंद झाल्यावर ठरते, आणि म्हणून अर्ज करताना पडद्यावर दिसणारी एनएव्ही ही नेहमी आदल्या दिवसाची असते. ज्या भावाने व्यवहार होणार तो भाव व्यवहार करताना कुणालाच ठाऊक नसतो, ही गोष्ट शेअर विकत घेणाऱ्याला प्रथम विचित्र वाटते. फंडाचा वार्षिक खर्चही दररोज थोडाथोडा करून एनएव्ही जाहीर होण्याआधीच वजा झालेला असतो. त्यामुळे परतावा काढल्यानंतर त्यातून खर्चाचे प्रमाण पुन्हा वजा करणाऱ्यांचे गणित चुकते. खर्चाची ओळ विवरणातील व्यवहारांत कधीच दिसणार नाही, कारण तो युनिटांतून नव्हे, तर भावातून जातो.

एनएव्ही कमी म्हणजे फंड स्वस्त, हा समज मला अनेक सुशिक्षित माणसांकडूनही ऐकायला मिळतो. माझे ९९,९९५ रुपये १० रुपये एनएव्ही असलेल्या योजनेत गेले असते तर २,४०२ ऐवजी ९,९९९.५ युनिट मिळाले असते, एवढाच फरक. दोन्ही योजनांतील समभाग वीस टक्क्यांनी वाढले तर दोन्हीकडचे पैसे वीस टक्क्यांनीच वाढतात. युनिटांची संख्या हे केवळ माप आहे आणि दोन योजनांची मापे एकमेकांशी ताडून पाहण्यात काही अर्थ नाही.

विवरणातील तिन्ही एनएव्ही मी म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या, म्हणजे ॲम्फीच्या संकेतस्थळावरील जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्या. येथे एक काळजी घ्यावी लागते. एकाच योजनेच्या डायरेक्ट आणि रेग्युलर अशा दोन आवृत्त्या आणि त्या प्रत्येकीचे ग्रोथ व वेळोवेळी पैसे वाटणारा आयडीसीडब्ल्यू असे पर्याय असतात, आणि प्रत्येकाची एनएव्ही वेगळी असते. डायरेक्ट आवृत्ती १ जानेवारी २०१३ पासून अस्तित्वात आली. तिच्यात वितरकाचे कमिशन नसल्यामुळे खर्च कमी असतो आणि म्हणून तिची एनएव्ही कालांतराने रेग्युलरच्या पुढे जाते. नाव वाचून नेमकी ओळ सापडत नसेल तर विवरणात छापलेल्या आयएसआयएन क्रमांकावरून ती शोधावी, कारण नावे सारखी असतात, क्रमांक नसतो. आयडीसीडब्ल्यू पर्यायात प्रत्येक वाटपानंतर एनएव्ही तेवढ्याने खाली येते. तेथे दोन तारखांच्या एनएव्हीची नुसती तुलना करून परतावा काढता येत नाही.

आता मूळ प्रश्न. १२ जून २०२५ रोजी मी दुपारी तीनच्या आत ३,००० युनिट विकण्याचा अर्ज केला. त्या दिवसाची एनएव्ही रात्री ५२.८५०० अशी जाहीर झाली. ३,००० गुणिले ५२.८५ म्हणजे १,५८,५५० रुपये. बँकेत आले १,५८,२३२ रुपये आणि काही पैसे. विवरणातील विक्रीच्या ओळीत फक्त निव्वळ रक्कम आणि युनिट होते. अशा वेळी सर्वांत सोपी कसोटी म्हणजे मिळालेल्या रकमेला विकलेल्या युनिटांनी भागणे. १,५८,२३२.५२ भागिले ३,००० म्हणजे ५२.७४४२. हा आकडा त्या दिवशीच्या एनएव्हीपेक्षा कमी आला, म्हणजे मध्ये काहीतरी कापले गेले आहे. तो एनएव्हीपेक्षा अगदी बरोबर एक टक्क्याने कमी आला असता, तर सर्वच युनिटांवर एक टक्का एक्झिट लोड लागला असे म्हणता आले असते. तो फक्त ०.२ टक्क्याने कमी आला, म्हणजे थोड्याच युनिटांवर लागला.

कोणत्या युनिटांवर, याचे उत्तर क्रमात आहे. एका फोलिओतील युनिट विकताना आधी आलेले आधी बाहेर, हा नियम लागू होतो. कोणते युनिट विकायचे हे गुंतवणूकदाराला निवडता येत नाही. म्हणून माझ्या ३,००० युनिटांत जून २०२३ चे सर्व २,४०२.२८२ युनिट गेले आणि कमी पडलेले ५९७.७१८ युनिट डिसेंबर २०२४ च्या खरेदीतून घेतले गेले. या योजनेत युनिट मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत विकल्यास एक टक्का लोड आहे. पहिल्या लाखाचे युनिट दोन वर्षांचे झाले होते, त्यामुळे ते पूर्ण ५२.८५ ने गेले आणि त्यांचे १,२६,९६०.६० रुपये झाले. उरलेले युनिट सहा महिन्यांचे होते. त्यांचा भाव एनएव्हीतून एक टक्का वजा जाता ५२.३२१५ झाला आणि त्यांचे ३१,२७३.५० रुपये आले. लोड साधारण ३१६ रुपयांचा झाला. त्याखेरीज समभागाधारित फंडाच्या विक्रीवर ०.००१ टक्के रोखे व्यवहार कर असतो, जो येथे दीड रुपयाच्या आसपास होता. हे दोन्ही वजा केले, की बँकेतील रक्कम पैशापर्यंत जुळते.

लोड नफ्यावर नाही, तर विक्रीच्या भावावर लागतो, हे येथे नीट पाहावे. डिसेंबरमध्ये ५०.२४ ला घेतलेला युनिट ५२.८५ ला गेला, म्हणजे युनिटमागे २.६१ रुपये नफा झाला. लोड त्यातून ५३ पैसे घेऊन गेला, म्हणजे नफ्याचा पाचवा हिस्सा. ‘फक्त एक टक्का’ हे शब्द ऐकायला सौम्य वाटतात, पण सहा महिन्यांच्या नफ्याच्या तुलनेत तो एक टक्का बराच मोठा असू शकतो, आणि तोट्यात विकले तरी तो लागतोच. मला त्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास फी भरायची होती आणि दुसरीकडून पैसे उभे करण्यापेक्षा ३१६ रुपये सोडणे स्वस्त होते, म्हणून मी ते जाणून-बुजून सोडले. घाई नसती तर फक्त २,४०२.२८२ युनिट विकून लोड पूर्ण टाळता आला असता.

लोडविषयी आणखी काही बारकावे सांगणे भाग आहे, कारण विवरणात ते दिसत नाहीत. दर महिन्याच्या एसआयपीमध्ये प्रत्येक हप्त्याचे वर्ष स्वतंत्रपणे मोजले जाते. दोन वर्षांपूर्वी एसआयपी सुरू केली म्हणून सर्व युनिट लोडमुक्त झाले, असे होत नाही. शेवटच्या वर्षभरातील हप्ते लोडच्या कक्षेत राहतातच. एका योजनेतून दुसरीत स्विच करणे, अगदी त्याच योजनेच्या रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणे, हीसुद्धा विक्रीच समजली जाते आणि लोड लागू शकतो. लोडचे दर योजनेनुसार वेगळे असतात, काही योजनांत ठरावीक प्रमाणातील युनिट वर्षाच्या आतही लोडशिवाय काढता येतात, आणि फंडाने दर बदलले तर बदल पुढच्या खरेदीला लागतो. तुमच्या युनिटांना खरेदीच्या वेळचा दर लागू राहतो. म्हणून आजच्या माहितीपत्रकातला दर पाहण्यापेक्षा विवरणात त्या योजनेखाली छापलेली लोडची टीप आणि खरेदीची तारीख एकत्र वाचावी. आणि कापलेला लोड फंड कंपनीच्या खिशात जात नाही, तो त्याच योजनेत परत जमा होतो. म्हणजे माझे ३१६ रुपये योजनेत राहिलेल्या गुंतवणूकदारांना मिळाले, ज्यांत उरलेल्या युनिटांपुरता मीही होतो. पूर्वी खरेदीच्या वेळीही एंट्री लोड कापला जाई, तो ऑगस्ट २००९ पासून बंद झाला. जुन्या खात्यांत त्या काळातील युनिट रकमेच्या मानाने कमी दिसतात, ते त्यामुळेच.

विक्रीनंतर खात्यात १,३९२.६२८ युनिट उरले, सर्व डिसेंबर २०२४ चे. विवरणाच्या शेवटी त्यांचे बाजारमूल्य ७३,६००.३९ रुपये आणि खरेदीमूल्य ६९,९६५.६३ रुपये असे दाखवले होते. फरक ३,६३४.७६ रुपये, म्हणजे ५.२ टक्के. मला खटकलेला सव्वापाच टक्क्यांचा आकडा तो हाच. त्यात पहिल्या लाखाचा पत्ताच नाही, कारण ते युनिट विकले गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे खरेदीमूल्यही विवरणाच्या तळाच्या ओळीतून निघून गेले. सुमारे सत्तावीस हजारांचा नफा प्रत्यक्ष हातात आला, पण शिल्लक युनिटांचा नफा दाखवणाऱ्या ओळीला त्याच्याशी कर्तव्य नाही. ज्याने अनेकदा थोडेथोडे पैसे काढले आहेत, त्याच्या विवरणात ही ओळ वर्षानुवर्षे खरा परतावा लपवत राहते. बाजारमूल्यात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली नसते, ती म्हणजे लोड. हे युनिट त्याच दिवशी विकले असते तर त्यांवर ७३६ रुपये लोड लागला असता आणि हातात ७२,८६४ रुपयेच आले असते. विवरण तो वजा करून दाखवत नाही, कारण विक्री अजून झालेली नाही. पण ‘आज माझ्याकडे किती आहे’ याचे उत्तर द्यायचे असेल तर दुसरा आकडा घेणेच प्रामाणिक होईल.

दुसरे उत्तर बहुतेक जण मनातल्या मनात काढतात. घातले दोन लाख. परत आले १,५८,२३३ आणि खात्यात ७३,६००, म्हणजे एकूण २,३१,८३३. नफा ३१,८३३, म्हणजे १५.९ टक्के. हा आकडा खरा आहे, पण त्यात वेळ नाही. दोन वर्षांनी भागून ‘वर्षाला आठ टक्के’ म्हटले तर ते चूकच ठरते, कारण दुसरा लाख फक्त सहा महिनेच कामाला लागला होता. पूर्ण दोन लाख दोन वर्षे राबले असते तरच ही भागाकाराची रीत निदान अंदाजापुरती चालली असती.

म्हणून प्रत्येक रुपया किती दिवस गुंतलेला होता हे धरून वार्षिक दर काढावा लागतो, आणि त्यासाठी स्प्रेडशीटमध्ये एक्सआयआरआर हे सूत्र आहे. विवरणातील प्रत्येक व्यवहाराची एक ओळ करायची. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात रक्कम. खिशातून गेलेली रक्कम ऋण, परत आलेली धन, आणि शेवटी आजचे मूल्य जणू आजच सर्व विकले अशा प्रकारे धन लिहायचे. खरेदीची रक्कम ९९,९९५ नव्हे तर १,००,००० लिहावी, कारण मुद्रांक शुल्कही आपणच दिले. विक्रीची रक्कम बँकेत आली तीच. माझ्या चार ओळी आणि सूत्र असे होते:

```
A            B
2023-06-12   -100000
2024-12-12   -100000
2025-06-12   158232.52
2025-06-12   72864.39

=XIRR(B1:B4, A1:A4)
```

हे तिसरे उत्तर ११.९ टक्के आले. शेवटच्या ओळीत लोड वजा न करता ७३,६००.३९ घातले तर १२.२ टक्के येते. हे उत्तर हातानेही तपासता येते आणि मी ते तपासले. एक लाख दोन वर्षे ११.९ टक्क्यांनी चक्रवाढ केले, की सुमारे १,२५,२०० होतात. दुसरे लाख सहा महिने त्याच दराने वाढवले, की सुमारे १,०५,८०० होतात. बेरीज २,३१,००० च्या जवळ येते, जी मिळालेल्या २,३१,०९७ शी जुळते. सूत्र याहून वेगळे काही करत नाही. सर्व रकमा एकाच दराने वाढवल्या तर कोणत्या दराला बेरीज जुळते, ते ते शोधते.

येथे अडचणी येतात त्या बहुधा दोनच. सर्व रकमा एकाच चिन्हाच्या लिहिल्या तर उत्तराऐवजी #NUM! दिसते. तारखा विवरणातून नकलून चिकटवल्या आणि स्प्रेडशीटने त्यांना तारीख न मानता मजकूर मानले, तर #VALUE! दिसते. याहून घातक ती चूक, जी अडखळत नाही: महिना आणि दिवस उलटे वाचले जाणे. १२ जूनचे ६ डिसेंबर झाले तरी सूत्र निमूटपणे एक उत्तर देते. म्हणून मी तारखा वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने लिहितो.

एक्सआयआरआर कोठे फसवते, तेही सांगायला हवे. तो दर वार्षिक असतो, मग पैसे वर्षभर गुंतलेले असोत वा नसोत. माझ्या दुसऱ्या लाखाचे युनिट सहा महिन्यांत ५.२ टक्क्यांनी वाढले. एकट्या त्या लाखाचा एक्सआयआरआर काढला तर तो १०.७ टक्के दिसतो, म्हणजे पुढचे सहा महिनेही तसेच जातील असे गृहीत धरून. महिना-दीड महिन्याच्या गुंतवणुकीवर काही ॲप चाळीस-पन्नास टक्के दाखवतात ते याच रीतीने. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत त्या आकड्याकडे मी तरी पाहत नाही. तोवर साधी टक्केवारीच पुरते.

आता कर. पहिल्या लाखाचे युनिट बारा महिन्यांहून जुने असल्यामुळे त्यांवरचा सुमारे २७,००० रुपयांचा नफा दीर्घकालीन भांडवली नफा ठरतो. २३ जुलै २०२४ पासून समभागाधारित फंडांवर हा दर १२.५ टक्के आहे आणि आर्थिक वर्षातील पहिले सव्वा लाख करमुक्त आहेत. माझा त्या वर्षातील असा दुसरा नफा नसल्याने येथे कर शून्य आहे. डिसेंबरच्या ५९७.७१८ युनिटांवरचा लोड जाता उरलेला नफा सुमारे १,२४४ रुपये, हा अल्पकालीन; त्यावर २० टक्के आणि आरोग्य व शिक्षण उपकर धरून साधारण २५९ रुपये. निवासी गुंतवणूकदाराच्या विक्रीतून हा कर फंड कापत नाही, त्यामुळे तो विवरणातही दिसत नाही. तो आयकर विवरणपत्र भरताना आपल्यालाच द्यावा लागतो. या खात्यात तो इतका लहान आहे, की ११.९ चा आकडा दशांशाच्या एक-दोन स्थळांवरच हलतो. मोठ्या विक्रीत तसे राहणार नाही. तेथे कर ही वेगळी ऋण ओळ म्हणून सूत्रात घालावी.

चौथे उत्तर महागाई वजा जाता राहणाऱ्या परताव्याचे. ग्राहक किंमत निर्देशांकानुसार भारतातील किरकोळ महागाई जून २०२४ मध्ये वर्षभरापूर्वीच्या तुलनेत ५.०८ टक्के आणि जून २०२५ मध्ये २.१० टक्के होती. दोन्ही एकत्र चक्रवाढीने धरले तर दोन वर्षांत भाव ७.३ टक्क्यांनी वाढले, म्हणजे वर्षाला सरासरी ३.६ टक्के. येथे ११.९ मधून ३.६ वजा करण्याचा मोह होतो, पण बरोबर रीत भागाकाराची आहे: १.११९ भागिले १.०३६, म्हणजे १.०८०, म्हणजे वास्तव परतावा वर्षाला आठ टक्के. वजाबाकीने ८.३ आले असते. या दरांना फरक थोडा आहे. महागाई आठ-दहा टक्के असेल तेव्हा तो चांगलाच जाणवतो. दुसरा लाख फक्त शेवटचे सहा महिने गुंतलेला असल्यामुळे दोन वर्षांची सरासरी त्याला तंतोतंत लागू पडत नाही, म्हणून आठ टक्के हा आकडा पूर्णांकातच घ्यावा, दशांशात नको. शिवाय निर्देशांक देशातील सरासरी कुटुंबाच्या खर्चावर बेतलेला असतो. मी पैसे ज्यासाठी काढले, ती फी दरवर्षी ३.६ टक्क्यांनी वाढत नाही, त्याहून बरीच वेगाने वाढते. त्या खर्चापुरते बोलायचे तर माझा वास्तव परतावा आठ टक्क्यांहून कमीच म्हणायला हवा.

सव्वापाच, सुमारे सोळा, बारा आणि आठ, हे चारही आकडे एकाच खात्याचे आणि एकाच दिवसाचे आहेत. फंडाच्या कामगिरीची तुलना दुसऱ्या फंडाशी करायची असेल, तर यांतला एकही उपयोगाचा नाही, कारण यांत माझ्या पैसे घालण्याच्या आणि काढण्याच्या तारखा मिसळलेल्या आहेत. तेथे फक्त एनएव्ही बघावी: जून २०२३ मधील ४१.६२५० ते जून २०२५ मधील ५२.८५००, म्हणजे दोन वर्षांत २७ टक्के, चक्रवाढीने वर्षाला १२.७ टक्के. माझा ११.९ हा आकडा त्याहून थोडा मागे राहिला, त्याचा एक भाग लोड आणि शुल्काचा आहे. बाकीचा भाग दुसरा लाख डिसेंबरमध्ये, फंड तुलनेने सावकाश वाढत असताना, घातल्याचा.

स्प्रेडशीटची ती चार ओळींची पाने मी ठेवली आहेत. नवा व्यवहार झाला, की शेवटच्या, ‘आजचे मूल्य’ या ओळीच्या वर एक ओळ वाढवायची आणि शेवटची ओळ त्या दिवसाच्या एनएव्हीने बदलायची. उरलेल्या १,३९२.६२८ युनिटांचे वर्ष १२ डिसेंबर २०२५ ला पूर्ण होते; तोवर त्या ओळीत एनएव्हीला ०.९९ ने गुणायचे, आणि त्यानंतर तो गुणाकार काढून टाकायचा.